परदेशी पाहुण्यांच्या स्वयंपाक वर्गात दुभाष्याचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत, कोकणात आणि गोव्यात घरगुती स्वयंपाकाचे वर्ग घेणाऱ्या काकू मराठीत शिकवतात आणि समोर इंग्रजी समजणारे पाहुणे असतात. मधल्या दुभाष्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक उकडीच्या मोदकांच्या आणि आमटीच्या वर्गातली आहेत, कारण पाहुण्यांची मागणी त्यांनाच जास्त असते आणि दुभाष्याची खरी कसोटीही तिथेच लागते.

मला स्वयंपाक फारसा येत नाही, इंग्रजी मात्र उत्तम आहे. हे काम जमेल का?

जमेल, पण त्या दिवशीचा पदार्थ काकूंसोबत आधी एकदा स्वतःच्या हाताने करायला हवा. नुसतं बघून भागत नाही. उकड मळताना ती किती गरम असते, ओल्या हाताने मळलं नाही तर काय होतं, हे बोटांना कळलं की वर्गात वाक्य आपोआप सुचतं. काकू अर्धं वाक्य तोंडाने आणि अर्धं हाताने बोलतात. “हे असं झालं की मग ते घालायचं” यातलं ‘असं’ आणि ‘ते’ काय आहे, हे माहीत असेल तरच पाहुण्यांना सांगता येतं.

तालमीच्या वेळी तीन गोष्टी कागदावर घ्या: प्रत्येक जिन्नस कोणत्या क्रमाने पडतो, कोणत्या टप्प्यावर हात थांबवता येत नाही, आणि काकू कोणत्या खुणेवरून ‘झालं’ म्हणतात. हा एकच कागद वर्गात पुरतो.

जिन्नसांची नावं इंग्रजीत सांगायची की मराठीच ठेवायची?

पाहुण्याला घरी गेल्यावर ती वस्तू दुकानात कोणत्या नावाने मिळेल, यावर हे ठरवा. कोकम, पनीर, तूप यांची आपली नावं बाहेरच्या भारतीय दुकानांत चालतात. तुपाला मात्र हिंदीतलं ‘घी’ सांगावं लागतं, पाकिटावर तेच असतं. ही नावं तशीच ठेवा आणि वस्तू काय आहे ते एका वाक्यात सांगा. उदाहरणार्थ कोकम म्हणजे एका आंबट फळाची वाळवलेली साल, आमटीत अख्खी टाकतात, चावून खात नाहीत. पनीरला ‘कॉटेज चीज’ म्हणू नका. त्या नावाने परदेशात मिळणारा पदार्थ ओला आणि दाणेदार असतो, त्याचे तुकडे पडत नाहीत.

गोड्या मसाल्याचं शब्दशः भाषांतर केलं की पाहुण्यांना तो साखरेचा वाटतो. नाव तसंच ठेवून घटक सांगा: धने, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल आणि गरम मसाले, सगळं भाजून दळलेलं. तिळाचा उल्लेख कधीही गाळू नका. त्याचं कारण खाली ॲलर्जीच्या प्रश्नात आहे.

ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन पाहुणे एकाच गटात असतील तर कोणता शब्द वापरू?

पहिल्यांदा दोन्ही शब्द सांगा, वस्तू हातात धरून दाखवा आणि पुढे एकाच शब्दावर राहा. वांग्याला ब्रिटिश ‘ऑबर्जिन’ म्हणतात, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन ‘एगप्लान्ट’. ढोबळी मिरची ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच ‘कॅप्सिकम’ असते, ब्रिटनमध्ये ती नुसती ‘पेपर’ आणि अमेरिकेत ‘बेल पेपर’.

सगळ्यात जास्त गोंधळ कोथिंबिरीचा. ब्रिटिशांसाठी ‘कोरिअँडर’ हा पाला आहे. अमेरिकन पाल्याला ‘सिलान्ट्रो’ म्हणतात आणि ‘कोरिअँडर’ ऐकलं की त्यांच्या डोळ्यांसमोर धने येतात. म्हणून ‘कोरिअँडर लीव्ह्ज’ आणि ‘कोरिअँडर सीड्स’ असं नेहमी जोडीने म्हणा. बेसनाला ‘ग्रॅम फ्लोअर’ म्हटलं तर अमेरिकन माणूस ‘ग्रॅहम फ्लोअर’ ऐकतो, आणि ते गव्हाचं पीठ असतं. ‘चिकपी फ्लोअर’ सगळ्यांना समजतं.

शब्द ओळखीचा, पण पाहुण्याच्या डोक्यात वस्तू दुसरीच, असं कुठे होतं?

लाल तिखटात सर्वाधिक. अमेरिकेत ‘चिली पावडर’ नावाने जी बाटली मिळते तिच्यात मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगानो असतं. ती आमटीत गेली तर चवच पालटते. ‘प्युअर ग्राउंड रेड चिली’ म्हणा आणि दुसरं काही मिसळलेलं नसावं, हेही सांगा.

दह्याला आपण सवयीने ‘कर्ड’ म्हणतो, पण ब्रिटिश माणसाला त्यावरून लिंबाचा गोड ‘कर्ड’ किंवा फाटलेल्या दुधाचा चोथा आठवतो. ‘प्लेन योगर्ट’ म्हणा. कढीपत्ता सांगितला की ‘करी पावडर याचीच करतात का’ हा प्रश्न येतोच. दोन्हींचा संबंध नाही, हे तिथेच सांगून मोकळं व्हा.

जर्मन पाहुण्यांसाठी जिऱ्यावर दोन क्षण थांबा. त्यांच्याकडे ‘क्युमेल’ म्हणजे कॅरवे. जिऱ्याचं नाव ‘क्रॉइत्सक्युमेल’. अर्धवट इंग्रजी येणारा पाहुणा ‘क्युमिन’ ऐकून चुकीची बाटली विकत घेतो. दोन दाणे हातावर देऊन वास घ्यायला लावणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

काकू ‘वाटी’ म्हणतात. मी ‘कप’ म्हणू का?

म्हणू नका. अमेरिकन कप सुमारे २४० मिलीलीटरचा, ऑस्ट्रेलियन २५०चा आणि जपानी २००चा. आपली आमटीची वाटी बऱ्याचदा १५०च्या आसपास भरते. वर्गाच्या आदल्या दिवशी काकूंची तीच वाटी मोजपात्राने पाणी भरून मोजा आणि आकडा कागदावर लिहा.

समजा ती १५० मिलीलीटरची निघाली. काकू सांगतात, “दोन वाट्या खवलेला नारळ, एक वाटी गूळ.” पाहुण्यांना आधी प्रमाण सांगा: नारळाच्या निम्मा गूळ, भांडं कोणतंही चालेल पण दोन्हीला एकच. मग आकडा द्या: ३०० मिलीलीटर नारळ, म्हणजे अमेरिकन मापाने सव्वा कप, आणि १५० मिलीलीटर गूळ. प्रमाण डोक्यात राहतं, आकडा वहीत. गूळ चिरलेला आहे की किसलेला, वाटी दाबून भरली की सैल, हेही विचारून घ्या. दाबून भरलेल्या वाटीत गूळ बराच जास्त मावतो आणि सारण गोडमिट्ट होतं.

चमच्याचंही तसंच. चहाचा चमचा, पोह्याचा चमचा आणि डाव ही तीन वेगळी मापं आहेत आणि काकू तिघांनाही ‘चमचा’ म्हणू शकतात. त्यांच्या हातातला चमचा बघितल्याशिवाय आकडा बोलू नका. ‘टेबलस्पून’ ब्रिटन-अमेरिकेत १५ मिलीलीटरचा आणि ऑस्ट्रेलियात २०चा असतो, म्हणून तिखट-मिठाची मापं ५ मिलीलीटरच्या ‘टीस्पून’मध्येच द्या. तो सगळीकडे सारखा आहे.

सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच पटकन बोलताना चुकतात. काय करावं?

हे शब्द डोक्यात एकेक करून उलगडत बसलात तर पुढचं वाक्य निसटतं. आकडा ऐकल्याबरोबर कागदावर अंकात लिहा आणि लिहिलेलं वाचा: सव्वा म्हणजे १.२५, पावणेदोन १.७५, अडीच २.५. ‘पाऊण’ आणि ‘पावणे’ यांत घोटाळा होतो. पाऊण वाटी म्हणजे ०.७५, पावणेतीन वाट्या म्हणजे २.७५.

‘पाव किलो’ म्हणजे २५० ग्रॅम, हे पाठ असूद्या. इंग्रजी आकड्यांत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ मिक्सरच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. बोलताना बोटांनी दाखवा किंवा फळ्यावर लिहा.

काकू म्हणतात “अंदाजाने घाला”. याचं भाषांतर करायचं तरी कसं?

‘ॲज यू लाइक’ असं सांगणं चुकीचं आहे. काकूंचा अंदाज म्हणजे आवड नव्हे, ती वर्षानुवर्षांची मोजणी आहे. तालमीच्या दिवशी काकूंना हाताने मीठ घ्यायला सांगा आणि पातेल्यात टाकण्याआधी ते चमच्यात ओतून मोजा. एकदा मोजलं की वर्गात सांगता येतं: चिमूट म्हणजे अंगठा आणि दोन बोटांत मावेल तेवढं, यांच्या हाताने साधारण पाव टीस्पून.

पाणी, पीठ, आंबटपणा यांचा अंदाज मात्र मोजून सांगता येत नाही, कारण तांदळाचं पीठ दर वेळी वेगळं पाणी पितं आणि चिंच कधी जुनी असते, कधी नवी. तिथे आकड्याऐवजी खूण सांगा. पळीतून आमटी सोडली की अखंड धार पडायला हवी, थेंब थेंब नको. उकडीचा गोळा दाबला की कडेला भेग पडायला नको.

भाजणे, परतणे, तळणे, उकडणे यांना नेमके शब्द कोणते?

भाजण्याला नुसतं ‘रोस्ट’ म्हटलं की पाहुण्याला ओव्हन दिसतो. तीळ किंवा खोबरं भाजायचं असेल तर ‘ड्राय-रोस्ट इन अ पॅन’ आणि वर ‘नो ऑइल’. पण काकू रवा तुपात ‘भाजतात’, तिथे ‘नो ऑइल’ खोटं ठरतं. म्हणजे दर वेळी आधी कढईत बघा, मग बोला.

परतणे म्हणजे थोड्या तेलात सतत हलवणं. ‘सॉते’ बरोबर आहे, पण ‘कीप मूव्हिंग इट’ जोडल्याशिवाय पाहुणे चमचा बाजूला ठेवून फोटो काढतात आणि वाटण खाली लागतं. तळणे म्हणजे ‘डीप-फ्राय’. नुसतं ‘फ्राय’ म्हटलंत तर त्यांना दोन चमचे तेलही पुरेसं वाटतं.

उकडणे सगळ्यात फसवं. बटाटे उकडतो ते पाण्यात, म्हणजे ‘बॉइल’. मोदक उकडतो ते वाफेवर, म्हणजे ‘स्टीम’. मोदकाला ‘बॉइल’ म्हटलं आणि पाहुण्याने घरी ते पाण्यात सोडले तर पारी सुटून सगळं सारण बाहेर येईल. ‘वाफ आणा’ हे आणखी वेगळं: झाकण ठेवून मंद आचेवर पदार्थ स्वतःच्याच वाफेत थोडा वेळ राहू देणं. आच सांगताना ‘लो फ्लेम’ऐवजी ‘लो हीट’ म्हणा, कारण बऱ्याच जणांच्या घरी इंडक्शन असतं आणि ज्योत नसतेच.

“कांदा गुलाबी होईपर्यंत”, “तेल सुटेपर्यंत” यांचं काय करायचं?

रंग शब्दशः सांगितला तर पाहुणे खरोखर गुलाबी रंगाची वाट बघतात. काकूंना अपेक्षित असतं ते हे: कांदा मऊ आणि पारदर्शक झालाय, कडा किंचित सोनेरी झाल्यात. ‘लालसर’ म्हणजे ‘गोल्डन ब्राउन’. काकू हे शब्द म्हणतील तेव्हा कढई पाहुण्यांकडे तिरकी करायला सांगा आणि बोट दाखवून बोला.

तेल सुटणं म्हणजे वाटणातलं पाणी उडून गेलं आहे, मसाला गोळा होऊन कढईच्या कडेपासून सुटतोय आणि कडेला तेलाचे बारीक बुडबुडे दिसतायत. पाहुण्यांनी भीतीपोटी तेल कमी घातलं असेल तर ते सुटलेलं दिसणारच नाही. अशा वेळी वासावर जा. कच्च्या लसणाचा उग्र वास गेला पाहिजे.

फोडणी इतकी पटकन होते की माझं बोलणं संपेपर्यंत हळद करपलेली असते.

तेल तापल्यावर बोलायचंच नाही. सगळं स्पष्टीकरण गॅस पेटवण्याआधी झालं पाहिजे. काकूंशी आधीच ठरवून घ्या की डबा उघडल्यावर त्या थांबतील, तुम्ही क्रम सांगाल आणि ‘रेडी’ म्हणाल, मगच तेल चढेल.

क्रम असा सांगा: तेलात मोहरीचा एक दाणा टाकून बघायचा, तो तडतडला की बाकीची मोहरी, तडतड मंदावली की जिरं, मग हिंग, हळद, तिखट, आणि तिखट पडल्याबरोबर शिजलेली डाळ किंवा पाणी. मोहरीनंतर सगळं काही सेकंदांत उरकतं. म्हणून पाहुण्यांच्या हाताशी प्रत्येक मसाला वेगळ्या वाटीत, त्याच क्रमाने मांडून ठेवायला लावा. प्रत्यक्ष फोडणीच्या वेळी फक्त एक एक शब्द: “सीड्स… क्युमिन… पावडर्स… डाल!”

फोडणीला ‘टेम्परिंग’ म्हणतात खरं, पण पाश्चात्त्य स्वयंपाकात तोच शब्द चॉकलेटसाठी आणि अंड्याच्या सॉससाठी वापरतात. एकदा ‘फ्राइंग होल स्पायसेस इन हॉट ऑइल टू फ्लेवर इट’ असं सांगा आणि पुढे ‘फोडणी’च म्हणा, हा शब्द पाहुण्यांना आवडतो. मोहरी उडते आणि डाळ ओतताना वाफ येते, म्हणून ‘स्टेप बॅक’ हे तेल तापण्याआधीच सांगून ठेवा. काकू “मागे सरा” म्हणाल्या तर बाकी सगळं सोडून तेच आधी बोला.

“तीन शिट्ट्या काढा” हे परदेशी कुकरवाल्यांना कसं सांगू?

त्यांच्याकडचे बरेच कुकर शिट्टी देतच नाहीत, त्यामुळे शिट्ट्यांचा आकडा निरुपयोगी ठरतो. प्रेशर आल्यापासूनची मिनिटं सांगा. तालमीला घड्याळ लावा: पहिल्या शिट्टीपासून गॅस बंद करेपर्यंत किती वेळ गेला तो लिहा. भिजवलेल्या तुरीच्या डाळीला साधारण १० मिनिटं सांगून खूण जोडा: दाणा दोन बोटांत दाबला की कणी न राहता पसरला पाहिजे. कुकर नसलेल्यांसाठी उघड्या पातेल्यात जास्त वेळ लागेल आणि मध्ये गरम पाणी घालावं लागेल, एवढं पुरे.

एखादा टप्पा वाक्या-वाक्याने कसा सांगायचा? उकडीचं उदाहरण द्याल का?

काकू म्हणतात: “जेवढं पीठ तेवढंच पाणी. पाण्याला उकळी आली की मीठ, चमचाभर तूप घाला, पीठ घाला, ढवळा, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणा आणि गरम असतानाच मळा.” हे पाच वेगळे टप्पे आहेत. एका दमात सांगितले तर शेवटचे दोन हरवतात. काकूंना पिठावर थांबवा.

पाहुण्यांना आधी सांगा की पीठ आणि पाणी समान मापाने. पाणी खळखळ उकळल्यावर पाव टीस्पून मीठ, एक टीस्पून तूप. आच कमी करून सगळं पीठ एकदम घालायचं आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळायचं. इथे थांबा, सगळ्यांच्या पातेल्यात डोकावा. मग झाकण, दोन ते तीन मिनिटं अगदी मंद आच, गॅस बंद, आणखी पाच मिनिटं झाकलेलं. इथे ‘दणदणीत’ म्हणजे भरपूर वाफ. मोठी आच केली तर उकड खाली लागते.

मळण्याला ‘नीड’ म्हणा, पण सोबत सांगा की हात पाण्याने ओला करत, तळव्याच्या टाचेने, गोळा लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. पारीला ‘शेल’ आणि मुखऱ्यांना ‘प्लीट्स’ चालतं. पारीच्या कडा फाटत असतील तर उकड कोरडी आहे, पाण्याचा हात लावून परत मळायची. बोटांना चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, तुपाचा हात घ्यायचा. ही दोन वाक्यं पाठ करून ठेवा, कारण प्रत्येक वर्गात कोणाची तरी पारी फाटतेच.

पीठ कोणतं घ्यायचं हेही विचारतात. ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ चालत नाही. ते चिकट तांदळाचं असतं आणि मोदक वाफेत बसतो. नावात ‘ग्लुटिनस’ असलं तरी त्यात ग्लुटेन नसतं, हे ग्लुटेन टाळणाऱ्यांना सांगा. जपानी पाहुण्यांना ‘जोशिन्को’ घ्यायला सांगा, ‘मोचिको’ नको. गुळासाठी मेक्सिकोचे लोक ‘पिलोन्सियो’, कोलंबियाचे ‘पानेला’ वापरू शकतात.

पाहुण्याला ॲलर्जी असेल तर माझी जबाबदारी किती?

दोन्हीकडचं बोलणं पूर्ण आणि न गाळता पोचवणं ही तुमची जबाबदारी. “खायला हरकत नाही” हा निर्णय तुमचा नाही. बुकिंगच्या वेळीच लेखी विचारलं जाईल असं बघा, आणि काकूंना “शेंगदाणे आहेत का?” एवढंच विचारू नका. मराठी स्वयंपाकात दाण्याचा कूट कोशिंबिरीत, उसळीत, भरल्या वांग्यात सवयीने पडतो आणि काकूंच्या लेखी तो ‘शेंगदाणे’ नसून ‘कूट’ असतो. विचारा: कूट पडतो का, कशात शेंगदाण्याचं तेल आहे का, मिक्सरच्या त्याच भांड्यात कूट केला होता का?

ग्लुटेन चालत नसेल तर हिंगाचं पाकीट वाचा. बाजारातल्या मिश्र हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. तीळ गोड्या मसाल्यात दळलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. “थोडंसंच आहे, काही होत नाही” असं काकू मायेने म्हणाल्या तर तेही जसंच्या तसं सांगा, आणि ‘थोडंसं आहे’ हा भाग आधी. मग पाहुणा ठरवेल. व्हीगन पाहुण्यांसाठी उकडीतलं तूपही मोजायला विसरू नका, तेलाने काम भागतं.

सारणातली खसखस पाहुणे घरी घेऊन जाऊ शकतात का?

सगळीकडे नाही. खसखस अफूच्या बोंडाचं बी असल्यामुळे सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती इथे ती नेता येत नाही. त्या देशांतून आलेल्या किंवा तिथे विमान बदलणाऱ्या पाहुण्यांना मसाल्याची पुडी किंवा खसखस घातलेले उरलेले मोदक बरोबर देऊ नका. कृती लिहून देताना खसखस ऐच्छिक आहे असं लिहा. ती वगळली तर सारण थोडं सैल वाटतं, एवढंच.

गणपतीत काकू सारण चाखू देत नाहीत. हे कसं सांगू?

सरळ आणि वर्गाच्या सुरुवातीलाच: आज पहिले मोदक नैवेद्याचे आहेत, ते देवाला दाखवल्यावरच सगळे खाणार, तोवर कोणीच चाखत नाही, काकूसुद्धा. कारण कळलं की पाहुणे आनंदाने पाळतात. आयत्या वेळी “नो टेस्टिंग!” असं ओरडलं तर त्यांना आपलं काही चुकलं असं वाटतं. काकूंना एक पर्याय सुचवा: नैवेद्याचं सारण बाजूला काढून उरलेलं दुसऱ्या पातेल्यात, चाखण्यासाठी.

एरवीच्या दिवशी चाखायला दिलं तरी उष्टा चमचा परत पातेल्यात जाऊ नये, हे सांगावं लागतं. डावाने तळहातावर थोडं घ्यायचं, असं काकूंनाच करून दाखवायला सांगा.

गटाची पुढारी माझं इंग्रजी फ्रेंचमध्ये सांगते. तेव्हा काय बदलायचं?

वाक्याची लांबी. एका वाक्यात एक क्रिया आणि एक आकडा, त्यापुढे काही नाही. वर्गाआधी तिच्यासोबत दहा मिनिटं जिन्नसांवर हात ठेवून नावं पक्की करा, म्हणजे ती फ्रेंच नावं तयार ठेवेल. प्रत्येक टप्प्याला आता दुप्पट वेळ लागणार, हे काकूंना आधी सांगा आणि पदार्थ एक कमी करायला लावा. फोडणीच्या वेळी मात्र दोघींनी बोलू नये. वर दिलेले एक-एक शब्द तिनेच थेट फ्रेंचमध्ये, काकूंच्या हाताकडे बघून म्हणावेत.